मदत हवी आहे: दोन दिवसांत पेपर स्वीकारला, पैसे भरू का?

प्राजक्ता_बडोदा: पेपर पाठवला आणि दोन दिवसांत स्वीकारल्याची मेल आली. शुक्रवारपर्यंत ३,५०० रुपये यूपीआयने भरायला सांगतायत. जर्नलचं नाव स्कोपसमध्ये सापडतं, आयएसएसएनही जुळतो. भरू ना? लवकर सांगा.

मांडवीकर: विषय कोणता? रिव्ह्यूअरचे शेरे आले का? कॉपीराइट फॉर्मवर सही केलीस?

प्राजक्ता_बडोदा: एम.एस्सी. केमिस्ट्री. केळीच्या सालीच्या कोळशाने पाण्यातला रंग काढणं. शेरे नाहीत, सहीही नाही.

संजयकाका: यूजीसी केअरच्या यादीत बघ, असेल तर बिनधास्त भर.

मांडवीकर: काका, ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. प्राजक्ता, नाव आणि नंबर जुळले म्हणजे साइट खरी असं नाही. खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन उचलून दुसरीच साइट थाटतात. `scopus.com/sources` वर आयएसएसएन टाक आणि कव्हरेज कुठल्या वर्षापर्यंत आहे ते बघ. मग त्यांच्या गेल्या वर्षीच्या अंकातल्या तीन पेपरांचे डीओआय `doi.org` वर टाक. ते याच साइटवर उघडतात का, ते सांग.

हर्षदा_के: आधी टर्निटिनचा रिपोर्ट काढा. साम्य १० टक्क्यांच्या आत हवं.

मांडवीकर: ते तिने विचारलेलंच नाही.

प्राजक्ता_बडोदा: कव्हरेज २००९ ते २०२० दिसतंय. दोन डीओआयना `DOI Not Found` आलं, तिसरा भलत्याच प्रकाशकाच्या साइटवर गेला.

मांडवीकर: मग पैसे भरू नकोस. स्कोपसने २०२० नंतरचे अंक घेतलेले नाहीत, म्हणजे खऱ्या जर्नलमध्ये छापलास तरी आजचा पेपर तिथे दिसणार नाही. आणि ही साइट खऱ्या जर्नलची नाहीच. अगदी नव्या पेपरचा डीओआय कधी उशिरा नोंदला जातो, पण वर्षभर जुना उघडायलाच हवा.

संजयकाका: मग पाठवायचा कुठे? चांगल्या जर्नलांची फी लाखात असते.

मांडवीकर: सगळ्यांची नाही. प्राजक्ता, तुझ्या संदर्भसूचीतले पेपर कुठे छापलेत ते मोज. जे जर्नल तीन-चारदा येतं ते तुझ्या विषयाचं. ते ओपन अ‍ॅक्सेस आणि वर्गणी दोन्ही पर्याय देत असेल तर वर्गणीचा निवड, तिथे सहसा लेखकाला फी नसते. तरी रंगीत आकृत्यांचे किंवा जादा पानांचे पैसे लावतात का, ते लेखकांसाठीच्या सूचनांत वाच. आणि शेरे यायला काही महिने लागतील हे धरून चाल.

प्राजक्ता_बडोदा: पेपर मागे घेते असं कळवलं तर १,५०० ‘विथड्रॉवल फी’ मागतायत!

संजयकाका: दुर्लक्ष कर, आजच दुसरीकडे पाठव.

हर्षदा_के: असं कसं? त्यांनी न विचारता छापला तर नवा संपादक दुहेरी सादरीकरण म्हणून परत करेल.

मांडवीकर: फी देऊ नकोस. छापायला संमती नाही, असं मेलवर स्पष्ट लिही आणि ती मेल जपून ठेव. नव्या संपादकाला कव्हर लेटरमध्ये झालेलं सगळं सांग. किती दिवस थांबायचं ते गाइडशी बोलून ठरव.

रेवा_ताई: माझा पेपर मराठी साहित्यावर आहे. आमच्या त्रैमासिकाला डीओआयच नाही, तेही बनावट का?

मांडवीकर: नाही. तिथे जुने अंक आणि संपादक मंडळ तपासा. बडोद्याच्या हंसा मेहता लायब्ररीत अंक येतात का, ते विचारा.