मदत हवी आहे: जपानी बसथांब्यावरचं वेळापत्रक वाचून द्याल का?

नमस्कार मंडळी. आई-बाबांना घेऊन जपानमधल्या एका डोंगराळ गावात आलोय. उद्या रविवार आहे आणि सकाळच्या बसने रेल्वे स्टेशन गाठायचंय. थांब्यावरच्या पाटीचे दोन फोटो जोडलेत.

जेवढं उलगडलं ते सांगतो. डावीकडे तासाचा आकडा आणि त्याच्यासमोर मिनिटं. मथळ्यांचं भाषांतर करताना ॲपने पहिल्या रकान्याला 'सपाट दिवस' म्हटलं. अक्षरं सुटी वाचली की असंच होतं. ते 'हेइजित्सु' आहे, म्हणजे कामाचा दिवस. दुसरा रकाना शनिवारचा आणि तिसरा रविवार व सुट्ट्यांचा, एवढं कळलं.

अडलंय ते पुढे. तिसऱ्या रकान्यात ७ च्या ओळीत ४२ आहे आणि त्या ४२ च्या डोक्यावर एक बारीक अक्षर आहे. अशा खुणेचा अर्थ खाली तळटिपेत असतो: बस शेवटच्या थांब्याच्या अलीकडेच थांबते, वेगळ्या मार्गाने जाते किंवा ठरावीक दिवशीच धावते. पण टीप उभ्या ओळींत लिहिलीय. ॲप ती आडवी वाचतं आणि शेजारच्या ओळींची अक्षरं एकमेकांत मिसळतं. दुसरा फोटो त्या टिपेचाच आहे, जवळून काढलेला.

ही ४२ ची बस उद्या स्टेशनपर्यंत जाते का, एवढं कुणी वाचून सांगा. पुढची बस थेट ११ नंतर आहे आणि बाबांना तेवढा वेळ थंडीत बसवणं जमणार नाही. अक्षर पुसट दिसत असेल तर अंदाज नको, तसं कळवा. अंधार पडायच्या आत जाऊन नवा फोटो काढून आणतो.