उत्तर: एकाच अ‍ॅपमध्ये आवाज मागे का पडतो?

> त्याच इअरबड्सवर एका अ‍ॅपमध्ये ओठ आणि आवाज जुळतात, दुसऱ्यात आवाज मागे पडतो. बड्स खराब आहेत का?

बड्स खराब असण्याची शक्यता कमी. एन्कोडिंग, प्रसारण आणि बड्समधला बफर यांत साधारण १५० ते २५० मिलिसेकंद दोन्ही अ‍ॅपमध्ये जातातच. फरक इतकाच की चांगला प्लेअर आवाज प्रत्यक्षात कुठवर वाजला हे सिस्टिमला विचारतो (अँड्रॉइडवर `AudioTrack.getTimestamp()`) आणि चित्र तेवढंच थांबवून दाखवतो. म्हणजे उशीर जात नाही, फक्त झाकला जातो. गेममध्ये हे जमत नाही, कारण तिथे चित्राला बोटाबरोबरच हलावं लागतं.

आधी फोनच्या स्पीकरवर तोच व्हिडिओ बघा. तिथेही आवाज मागे असेल तर दोष ब्लूटूथचा नाही, फाइलचा किंवा अ‍ॅपचा आहे. फक्त ब्लूटूथवर मागे असेल आणि अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच राहत असेल, तर दुसरं अ‍ॅप भरपाई नीट करत नाही. अंतर वाढत जात असेल तर कारण वेगळं. आवाज ठरावीक मिलिसेकंदांनी सरकवून ते सुटणार नाही.

विंडोज किंवा लिनक्स संगणकावर VLC असेल तर `J` दाबा. प्रत्येक वेळी आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. २०० चं अंतर चार वेळा दाबून भरतं. बड्स काढल्यावर आकडा परत शून्यावर आणा, नाहीतर स्पीकरवर आवाज ओठांच्या पुढे धावेल.