मदत हवी आहे: एन्झाइमचा वेग १८ च्या आसपास स्थिरावतो, पण व्यस्तांक आलेख कमाल वेग २७ दाखवतो

मूग_अर्क:
नमस्कार. मी पदव्युत्तर जीवरसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. मोड आलेल्या मुगाच्या अर्कातील आम्ल फॉस्फेटेजचा कमाल वेग काढण्याचा प्रयोग मी केला. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट हा सबस्ट्रेट घेऊन १ मिली अभिक्रिया अॅसिटेट बफरमध्ये ३७ अंशांना १० मिनिटे चालवली, ४ मिली सोडिअम हायड्रॉक्साइड घालून ती थांबवली आणि उमटलेला पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरला मोजला. शोषणावरून वेग काढताना पॅरा-नायट्रोफिनॉलचा गुणांक १८,००० धरला आणि पाचपट विरलन हिशेबात घेतले.

```
[S] mM   शोषण    v (µM/min)
०.१     ०.०७५    २.०८
०.२     ०.१५६    ४.३३
०.५     ०.३१४    ८.७२
१       ०.४४४    १२.३३
२       ०.५५४    १५.३९
५       ०.६५३    १८.१४
```

वेग आणि सबस्ट्रेट यांचा साधा आलेख १८ जवळ आडवा होऊ लागतो. मात्र १/v आणि १/[S] यांच्या आलेखात एक्सेलने काढलेल्या रेषेचा उभ्या अक्षावरचा छेद ०.०३६५ येतो, म्हणजे कमाल वेग २७.४ आणि Km १.१८ मिलिमोलर. रेषेचा R² ०.९९४ असल्यामुळे मी निर्धास्त होते, परंतु १८ आणि २७ यांतला फरक मार्गदर्शकांना कसा समजावून सांगावा, हे मला कळत नाही.

आलेखप्रेमी:
साधा आलेख जिथे आडवा झाला तोच कमाल वेग मानावा. डोळ्यांना १८ दिसत असताना २७ लिहिण्यात अर्थ नाही. व्यस्तांकांच्या आलेखात चुका फुगतात, हे सर्वज्ञात आहे.

जुना_प्रयोगशाळावाला:
चुका फुगतात हे बरोबर आहे, पण १८ हा कमाल वेग नव्हे. सबस्ट्रेट Km च्या दहापट असतानाही एन्झाइम कमाल वेगाच्या दहा-अकरांशापर्यंत, म्हणजे सुमारे ९१ टक्क्यांपर्यंतच पोहोचते, आणि उरलेले ९ टक्के गाठायला सबस्ट्रेट किती वाढवावा लागेल याला अंत नसतो. त्यामुळे आलेख डोळ्यांना आडवा वाटू लागतो तेव्हाही तो चढतच असतो. खरा आकडा १८ च्या वर आहे; किती वर, एवढाच प्रश्न आहे.

आता रेषेकडे पाहू. तुमच्या आडव्या अक्षावर १०, ५, २, १, ०.५ आणि ०.२ असे बिंदू आहेत. चार बिंदू डाव्या कोपऱ्यात दाटीने बसले आहेत आणि ०.१ मिलिमोलरचा बिंदू एकटा पार उजवीकडे आहे. रेषेचा उतार बहुतांशी तोच ठरवतो, आणि नेमका त्याचाच रंग सर्वांत फिका आहे. शोषणात ०.०१ ची चूक झाली, तर ५ मिलिमोलरला १/v मध्ये ०.०००८ चा फरक पडतो, आणि ०.१ मिलिमोलरला ०.०५७ चा. तुमचा अख्खा छेद ०.०३६५ आहे, हे लक्षात घ्या. तो एक बिंदू वगळून रेषा पुन्हा काढली, तर कमाल वेग २७.४ वरून २२ वर येतो. R² ने यातले काहीच सांगितले नाही, कारण एकट्या दूरच्या बिंदूकडे रेषा ओढली जाते तेव्हा R² आपोआप चांगला दिसतो.

परंतु याहून महत्त्वाची खूण तुमच्या तक्त्यातच आहे. सबस्ट्रेट ०.१ वरून ०.२ केला, म्हणजे दुप्पट केला, तेव्हा वेग २.०८ वरून ४.३३ झाला, म्हणजे दुपटीहून जास्त. स्थिरावत जाणाऱ्या वक्रावर हे घडू शकत नाही. तिथे सबस्ट्रेट दुप्पट केल्यावर वेग नेहमी दुपटीहून कमीच वाढतो. म्हणून खालची मापने खऱ्यापेक्षा कमी आली आहेत, असा मला संशय आहे. ब्लँक कसा केला होता?

यीस्ट_आणि_साखर:
मला उलटा अनुभव आला होता. यीस्टच्या इन्व्हर्टेजला जास्त साखर दिल्यावर वेग स्थिरावण्याऐवजी घसरू लागला आणि व्यस्तांक आलेखातली रेषा उभ्या अक्षाजवळ वर वळली. सबस्ट्रेटच अडथळा करत होता. तुमच्याही बाबतीत तेच असावे.

जुना_प्रयोगशाळावाला:
तसे असते तर ५ मिलिमोलरचा वेग २ मिलिमोलरपेक्षा कमी दिसला असता किंवा निदान वाढ खुंटली असती. इथे वरचे टोक ठीक आहे, बिघाड खालच्या टोकाला आहे.

सहकारी_वक्र:
सबस्ट्रेट दुप्पट केल्यावर वेग दुपटीहून जास्त वाढणे हे एन्झाइमच्या उपएककांमधील सहकार्याचेही लक्षण असते. वक्र इंग्रजी S सारखा असेल, तर मायकेलिस-मेंटेन समीकरणच इथे लागू होणार नाही.

मूग_अर्क:
ब्लँक एकच होता. ५ मिलिमोलर सबस्ट्रेटमध्ये आधी सोडिअम हायड्रॉक्साइड आणि मग अर्क घातला आणि त्यावर यंत्र शून्यावर आणले. सर्व नळ्या त्याच शून्यावरून वाचल्या.

जुना_प्रयोगशाळावाला:
मग सहकार्याचा विचार तूर्त बाजूला ठेवू. तो अशक्य नाही, पण त्याआधी हे तपासायला हवे. या सबस्ट्रेटच्या भुकटीत थोडे पॅरा-नायट्रोफिनॉल आधीच सुटे झालेले असते आणि अल्कलीत गेल्याबरोबर ते पिवळे दिसते. ५ मिलिमोलरच्या ब्लँकमध्ये हा पिवळेपणा ०.१ मिलिमोलरच्या पन्नासपट असतो. म्हणजे खालच्या नळ्यांमध्ये जो रंग नव्हताच तोही तुम्ही वजा केलात. प्रत्येक सांद्रतेचा स्वतंत्र ब्लँक करा आणि तो पाण्याशी ताडून वाचा.

मूग_अर्क:
आज सहा ब्लँक केले. पाण्याशी ताडून पाहता ५ मिलिमोलरचा ब्लँक ०.०३० आणि ०.१ मिलिमोलरचा जेमतेम ०.००१ भरला. त्यानुसार जुनी मापने दुरुस्त केली, तेव्हा ०.१ ला वेग २.०८ ऐवजी २.९ झाला आणि ०.२ ला ५.१, म्हणजे आता वाढ दुपटीहून कमी आहे. नवी रेषा कमाल वेग २१ आणि Km ०.६२ देते. एका ब्लँकने Km जवळजवळ दुप्पट केला होता, यावर विश्वास बसत नाही.

जुना_प्रयोगशाळावाला:
छान. पण २१ लिहून वही बंद करू नका. ०.१ मिलिमोलर म्हणजे १०० मायक्रोमोलर, मिनिटाला २.९ च्या दराने १० मिनिटांत त्यातले २९ संपले. तुमचा 'आरंभीचा वेग' हा प्रत्यक्षात सबस्ट्रेट घटत असतानाचा सरासरी वेग आहे, आणि ही घट खालच्या टोकालाच जास्त असल्यामुळे रेषा अजूनही त्याच दिशेने थोडी कललेली आहे. अभिक्रिया २ मिनिटांवर आणली, तर रंग फार फिका होईल. म्हणून थांबवायला ४ ऐवजी १ मिली अल्कली घाला, म्हणजे विरलन दुप्पटच राहील. तोच अल्कलीचा साठा वापरू नका, तीव्रता वाढवा, नाहीतर बफरच्या आम्लामुळे रंग पूर्ण उमटणार नाही.

आणि रेषा काढायचीच असेल, तर बिंदूंना भार द्या. लाइनविव्हर आणि बर्क यांनी १९३४ मध्ये हा आलेख मांडला, तेव्हा त्यांनी स्वतःच भार देण्याबद्दल लिहिले होते; प्रात्यक्षिकाच्या वह्यांत ते कुठे गळाले कोण जाणे. शोषणातली चूक सर्व नळ्यांत सारखी धरली, तर भार v च्या चौथ्या घाताइतका येतो. सोपा मार्ग म्हणजे एक्सेलच्या सॉल्व्हरने सरळ मूळ वक्रच जुळवणे.

आलेखप्रेमी:
मग व्यस्तांक आलेख काढायचाच कशाला?

जुना_प्रयोगशाळावाला:
बिघाड पकडायला. तो दूरचा बिंदू ताणला गेला नसता, तर तुम्हाला १८ पाहून समाधान वाटले असते.

सहकारी_वक्र:
अभिक्रियेत सुटणारे फॉस्फेटही या एन्झाइमला अडवते. १० मिनिटांच्या मापनांत त्याचा किती वाटा आहे, हे नव्या मापनांशिवाय सांगता येणार नाही.

मूग_अर्क:
२ मिनिटांच्या नळ्या सोमवारी लावते. सहा नळ्या प्रत्येकी तीनदा करायच्या, तर नळ्या २० सेकंदांच्या अंतराने सुरू करून त्याच क्रमाने थांबवाव्या लागतील. एकटीला एका वेळी सहाच झेपतील असे वाटते.