घरी आल्यावरही दर पाच मिनिटांनी मेल बघतो. तुम्ही कामाचा दिवस बंद कसा करता? (तुर्भे–ठाणे)

तुर्भे_लोकल
मी तुर्भ्याला एका फ्रेट फॉरवर्डिंग ऑफिसात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघतो, राहायला ठाण्यात. साडेसहाला निघतो आणि कोपरखैरणे यायच्या आत तीनदा मेल उघडून झालेली असते. परवा बायकोने मुद्दाम मोजलं: रात्री आठ ते अकरात सत्तावीस वेळा फोन हातात घेतला. मला विचारलं असतं तर मी सात-आठ म्हणालो असतो.

सुरुवात मार्चमध्ये झाली. एका बीएलच्या, म्हणजे जहाजाच्या मालपावतीच्या, ड्राफ्टमध्ये कन्साइनीचं, म्हणजे माल घेणाऱ्याचं, नाव चुकलेलं, दुरुस्तीची मेल रात्री आली, मी सकाळी बघितली. तोवर बीएल निघालं होतं. दुरुस्तीचा भुर्दंड पडला आणि साहेब सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून हे चालू आहे.

नोटिफिकेशन बंद करून बघितलं, उलट जास्त बघायला लागलो. अ‍ॅपच काढून टाकलं, तर बाथरूममध्ये ब्राउझरवरून लॉगिन केलं. योगा, ध्यान सांगू नका प्लीज. निघताना नेमकं काय करता तेवढं सांगा.

कळव्याचा_पक्या
भाऊ, फोन ब्लॅक अँड व्हाइट करा, नोटिफिकेशन सगळी बंद, चार्जर स्वयंपाकघरात. काही आठवडे केलं की सवय सुटते. माझी इन्स्टाची सुटली.

सुनीता_नेरुळ
माझाही इनबॉक्स असाच डोक्याला ताप झाला होता. जीमेलचे 15 जीबी भरले की मेल येणंच बंद होतं. मोठ्या अटॅचमेंटच्या मेल शोधून उडवा, एकदम हलकं वाटतं.

तुर्भे_लोकल
सुनीताताई, जागा भरपूर आहे हो. डोकं भरलंय.

उंबरठा
मी ठाण्यात समुपदेशन करते, अशी माणसं नेहमी भेटतात. पक्या म्हणतात ते इन्स्टाला लागू पडतं, तिथे ओढ मजेची असते. तुमची ओढ भीतीची आहे. गॅसचं बटण पुन्हा बघण्यासारखं: बघितलं की दोन मिनिटं बरं वाटतं, आणि 'बघितलं म्हणून वाचलो' हे मन शिकतं. म्हणून नोटिफिकेशन बंद केल्यावर वाढलं. आधी घंटा वाजली नाही म्हणजे काही नाही, एवढं तरी कळत होतं.

सल्ल्याआधी एक काम करा. मागच्या दहा कामाच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर आलेल्या मेल मोजा. त्यातल्या किती मेलना सकाळी ऑफिस उघडायच्या आत हात लावावाच लागला असता?

तुर्भे_लोकल
मोजल्या. एकूण 61. खरंच रात्री हात लावायच्या 3. त्यातल्या दोनमध्ये सीएचएचा, म्हणजे कस्टम एजंटचा, फोनही आला होता. तिसरी हॅम्बुर्गच्या गिऱ्हाईकाची, फक्त मेल. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ तेव्हा त्यांच्याकडे दुपारचे चार, उन्हाळ्यात पाच. ते काम संपवून घरी जायच्या आधी दुरुस्त्या पाठवतात.

उंबरठा
म्हणजे भीती अगदीच खोटी नाही, आणि तिला फक्त एक खिडकी लागते.

निघायच्या पंचवीस मिनिटं आधी इनबॉक्स शेवटचा उघडायचा. त्यानंतर नवीन उत्तर लिहायला घ्यायचं नाही, कारण एका उत्तरातून दोन प्रश्न येतात आणि तुम्ही साडेसातला निघता. अडकलेल्या प्रत्येक कामाला वहीत एक ओळ. 'शहांचं बीएल' ही ओळ नव्हे, ती नुसती काळजी झाली. 'उद्या 9:45, ड्राफ्टमधला नोटिफाय पार्टीचा पत्ता इन्व्हॉइसशी ताडून शिपिंग लाइनला परत' ही ओळ. पुढची हालचाल काय, कोणाची, किती वाजता. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या 2011 च्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: अर्धवट काम मध्येमध्ये डोक्यात येतं, पण त्याची नेमकी योजना केली की काम पूर्ण नसतानाही ते येणं कमी होतं.

मग वहीच्या डाव्या पानावर फक्त उद्या दुपारच्या आत ज्यांचा कट-ऑफ आहे किंवा बीएल सुटणार आहे ती शिपमेंट. पान कोरं असेल तर रात्री मेल नाही. नावं असतील तर सव्वानऊला एकदा, टेबलाशी बसून, लॅपटॉपवर, तेवढ्याच नावांच्या मेल. फोनवर नाही, अंथरुणात तर नाहीच.

उरलेल्यांसाठी फोन. सीएचए आणि त्या हॅम्बुर्गवाल्यांना लिहून कळवा की सातनंतर तातडीचं असेल तर कॉल करा. डू नॉट डिस्टर्बमध्ये त्यांचे नंबर आवडत्यांत घाला. अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत त्याच माणसाचा दुसरा कॉल आला तर तो वाजू देण्याची सोयही आहे. शेवटी वही मिटून खणात, आणि तोंडाने एक वाक्य. काहीही चालेल, पण रोज तेच.

ऐरोली_ऑनकॉल
हे सगळं ज्यांना ठरलेली वेळ आहे त्यांच्यासाठी. मी सर्व्हर सपोर्टला, आठवड्याआड ऑन-कॉल. तरी एक सांगतो: ऑन-कॉलच्या आठवड्यात मी कमी बघतो! अलर्ट आला की फोन बोंबलणार हे माहीत असतं. सुट्टीच्या आठवड्यातच चुळबुळ.

कळव्याचा_पक्या
पण आता कायदा झालाय ना, ऑफिसनंतर मेलला उत्तर द्यायची सक्ती नाही म्हणून?

ऐरोली_ऑनकॉल
फ्रान्समध्ये 2017 पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी 2018 च्या डिसेंबरात लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. मांडणं वेगळं, कायदा होणं वेगळं.

तुर्भे_लोकल
तीन आठवड्यांनी आलोय. सीएचए लगेच हो म्हणाला. हॅम्बुर्गवाल्यांनी 'नोटेड' लिहिलं आणि अजून मेलच करतात, म्हणून त्यांची शिपमेंट बऱ्याच दिवशी डाव्या पानावर. पंधरा दिवसांत सव्वानऊला आठ वेळा बसलो, दोनदा खरंच काम निघालं. ट्रेनमध्ये हात अजून खिशात जातो. घणसोली ते रबाळे सगळ्यात वाईट, ऐरोली सुटली की जरा उतरतं.

पण नवीनच भानगड: घरून सहकाऱ्याला फोन करून विचारलं, 'माझ्या खणातल्या वहीत तिसरी ओळ काय आहे बघ रे.' दोनदा.

उंबरठा
ही भानगड नेहमीची. मेल सुटली आणि तपासणी वहीवर जाऊन बसली. ओळ आठवत नसेल तर आठवत बसायचं नाही, सकाळी भेटेलच. ट्रेनमध्ये ओढ आली की फक्त स्टेशन लक्षात ठेवा: कुठे चढली, कुठे उतरली. न बघताही उतरते हे तुम्हालाच दिसायला हवं, मी सांगून उपयोग नाही. आणि मेलबरोबर कुलूप, गॅस, वही असं पसरत गेलं किंवा झोप उडाली, तर धाग्यावर थांबू नका. टेलि-मानसचा 14416 मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सुनीता_नेरुळ
आत्ता कळलं काय विचारत होता ते 😄 माझ्या मिस्टरांचं अगदी हेच. पण त्यांचे साहेब रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'बघितलं का?' टाकतात. साहेबांना 'कॉल करा' कोण सांगणार?

उंबरठा
सुनीताताई, तिथे वही पुरत नाही. साहेबांशी एक वेळ ठरवता आली तर बघा, म्हणजे 'साडेनऊला एकदा उत्तर देतो' असं. काही साहेब ऐकतात. काही नाही ऐकत.

तुर्भे_लोकल
शनिवारचं कोणी सांगेल का? अर्धा दिवस असतो, दीडला निघतो. सोमवारी दुपारच्या आतले कट-ऑफ डाव्या पानावर आले तर रविवारी रात्री एकदा बसायचं, की शनिवार-रविवार दोन्ही?