मदत हवी आहे: पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी जोडलं जात नाही

मंडळी, नाशिकला घरी फायबर आहे. मुलाच्या माइनक्राफ्ट सर्व्हरसाठी राउटरवर 25565 पोर्ट फॉरवर्ड केला. घरात चालतो, पुण्याच्या भाच्याला लागत नाही. पीएस5 वर `NAT Type 3` दिसतं, व्हॉइस चॅटमध्ये काही मित्रांचा आवाजच येत नाही.

राउटरच्या वॅन रकान्यात 100.72 ने सुरू होणारा पत्ता आहे. बाहेरची साइट वेगळाच दाखवते. म्हणजे कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटतेय आणि जोडणी त्यांच्याकडेच अडतेय, बरोबर ना? कस्टमर केअरचं एकच पालुपद, "राउटर रीस्टार्ट करा." स्टॅटिक आयपीला जादा पैसे मागतात.

राउटरला आयपीव्ही6 मिळतोय. भाच्याकडेही असेल तर फायरवॉलमध्ये पोर्ट उघडून सर्व्हरचं भागेल का? आणि पीएस5 साठी स्टॅटिक घ्यावाच लागेल का?