मदत हवी आहे: एक्सेलच्या मस्टरमध्ये तारखेसमोर वार चुकीचा येतोय

वैशाली_लेखा: आमच्या वर्कशॉपला शनिवारी हाफ डे, रविवारी सुट्टी. थंब मशीनची जून 2025 ची सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली. A मध्ये तारखा आहेत, B मध्ये वार मराठीत हवा म्हणून हे लिहिलं:

```
=TEXT(A2,"[$-44E]dddd")
```

1 जूनला रविवार होता, इथे सोमवार येतो. 2 आणि 3 दोन्हींना गुरुवार! 13 तारखेपासून वाराऐवजी तारीखच उमटते. शेवटच्या रिकाम्या ओळीत मात्र 'शनिवार' दिसतो. शनिवार-रविवार वेगवेगळ्या रंगात हवेत. पगारपत्रक अडलंय, प्लीज सांगा.

रानवारा: कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये `=$B2="रविवार"` द्या, रंग येईल.

आकडेमोड: रंग येईल, पण चुकीच्या ओळीला. आधी तारखा नीट करा. तुमच्या कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं दिसतंय, तिथे महिना आधी वाचतात. 02/06 म्हणजे 6 फेब्रुवारी झाली, 03/06 म्हणजे 6 मार्च, आणि 2025 मध्ये ते दोन्ही गुरुवार. तेरावा महिना नसतो, म्हणून 13 पासून पुढचं सगळं नुसता मजकूर म्हणून राहिलं. A कॉलम रुंद करून बघा: 12 पर्यंतच्या तारखा उजवीकडे चिकटलेल्या असतील, पुढच्या डावीकडे.

एक्सेल बंद करा, रीजन English (India) करा आणि मशीनची मूळ फाइल पुन्हा उघडा. आत्ताची शीट दुरुस्त करत बसू नका, उलटलेल्या तारखा फॉरमॅट बदलून सुलट होत नाहीत.

रिकामी ओळ म्हणजे एक्सेलच्या लेखी शून्य, आणि शून्याचा वार शनिवार. म्हणून A2 पासून ओळी निवडून शनिवारचा नियम असा द्या:

```
=AND($A2<>"",WEEKDAY($A2,2)=6)
```

दुसरा नियम रविवारचा, त्यात 6 च्या जागी 7. A च्या आधीचं $ विसरलात तर रंग फक्त पहिल्याच कॉलमात येईल. वाराच्या नावावर नियम बांधू नका, उद्या कोणी B इंग्रजीत केला की रंग जातील.

पतपेढी_कोल्हापूर: आमच्याकडे बँकांसारखा दुसरा आणि चौथा शनिवारच बंद असतो. WEEKDAY ने सगळेच रंगतात. बाकीचे कसे वगळायचे?

आकडेमोड: कितवा शनिवार ते तारखेवरून कळतं. दुसरा नेहमी 8 ते 14 मध्ये, चौथा 22 ते 28 मध्ये. AND मध्ये हे जोडा:

```
ISEVEN(ROUNDUP(DAY($A2)/7,0))
```

जून 2025 मध्ये 14 आणि 28 रंगतील, 7 आणि 21 नाहीत. पाचवा शनिवार आला तरी सुटतो.

वैशाली_लेखा: रीजन बदलून फाइल उघडली, 1 ला रविवार आला, 13 च्या पुढेही वार दिसतात. खूप आभार! आता एकच अडचण. साहेबांना प्रिंट लागते आणि आमचा प्रिंटर काळा-पांढरा आहे, दोन्ही रंग सारखेच करडे येतात. रविवारच्या ओळीला रंगाऐवजी तिरप्या रेघा देता येतील का?

रानवारा: रविवार ठळक अक्षरात करा ना.

वैशाली_लेखा: केलं, पण रविवारच्या ओळीत हजेरी रिकामीच असते, ठळक काय दिसणार? रेघांचं कोणी केलं असेल तर सांगा.