अनोळखी सबस्क्रिप्शनचे कापलेले पैसे बँकेकडून परत मिळाले का? अनुभव सांगा

माहुलीची_सून
काल शेजारच्या काकू फोन नाचवत आल्या, "हे ६४९ कुणी गिळले गं?" मला लगेच आमच्या सासऱ्यांचं प्रकरण आठवलं, म्हणून हा धागा.

त्यांच्या पेन्शनच्या खात्यातून डेबिट कार्डावर असेच पैसे गेले होते. मेसेजात नाव भलतंच, शोधल्यावर कळलं की पिक्चर-मालिका दाखवणारी कंपनी आहे. घरात कुणाकडे ते अ‍ॅपच नाही. सासरे टीव्हीवर बातम्या आणि कुस्त्या सोडून काही बघत नाहीत. कंपनीचा फोन नंबर कुठं सापडेना, चॅट उघडलं की म्हणणार 'आपल्या खात्याचा ईमेल टाका'. अहो, खातंच नाही तर टाकू काय? मेल केली. आपोआप येते तशी पोच आली आणि पुढं सामसूम.

मग पोवई नाक्याजवळच्या शाखेत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "कंपनीशी बोला, आमचा संबंध नाही." सासरे एसटीत कंडक्टर होते. खुर्ची ओढून बसलेच, "फॉर्म दे, भरल्याशिवाय उठत नाही." निघाला फॉर्म ड्रॉवरमधून! त्यात दोन खण होते. एक, मी हा व्यवहार केलेलाच नाही. दुसरा, सबस्क्रिप्शन रद्द केलं तरी पैसे कापले. पोरगा म्हणे दुसऱ्यावर खूण करा, लवकर होतं. सासरे म्हणाले, "घेतलंच नाही तर रद्द कसं केलं?" पहिल्यावर खूण केली, मेलची आणि पोचेची प्रिंट जोडली, कार्ड तिथंच बंद करून घेतलं. थोड्या दिवसांनी पैसे तात्पुरते जमा झाले. कंपनीनं बँकेलाही उत्तर दिलं नाही, मग ते कायम झाले.

तुमचं काय झालं?

हळदपेठ
आजोबा भारी 😂 एसटीची माणसं ऐकत नसतात.

कृष्णाकाठ
सोपंय की. कार्ड ब्लॉक करा, नवं घ्या, विषय संपला. फॉर्मबिर्म कशाला.

मिरज_निवृत्त
कृष्णाकाठ, विषय संपत नाही. गेलेले पैसे ब्लॉक करून परत येत नाहीत. शिवाय कार्डावर ऑटो-डेबिटची परवानगी नोंदलेली असेल तर कधीकधी ती नव्या कार्डावरही चालू राहते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती परवानगी वेगळी रद्द करावी लागते.

मी बँकेत कार्ड विभागात होतो. ताई, तुमच्या सासऱ्यांनी खण बरोबर निवडला, म्हणून काम झालं. बहुतेक तक्रारी तिथंच मरतात. आम्ही आधी एकच विचारायचो, पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज आला होता का? कार्डावरच्या नोंदलेल्या ऑटो-डेबिटला किमान २४ तास आधी सूचना देणं बँकेवर बंधनकारक आहे. तो मेसेज असेल तर कधीतरी कुणीतरी ओटीपी टाकून परवानगी दिलेली आहे. मग 'मी केलंच नाही' म्हणून अर्ज दिलात की कंपनी तो पुरावा पुढं करते आणि अर्ज पडतो. तिथं दुसरा खण, पण त्याला रद्द केल्याची तारीख दिसणारा कागद लागतो. कंपनी बोलत नसेल तर तुम्ही पाठवलेली मेलच कागद. उत्तर नाही आलं तरी चालतं, पाठवलेली तारीख दिसली पाहिजे.

आदल्या दिवशी काहीच नाही, ओटीपी नाही, आणि थेट पैसे गेले, तर बहुधा कार्डाचा नंबर बाहेर गेलाय. बाहेरदेशीच्या कित्येक साइटवर ओटीपी लागतच नाही. मग पहिला खण, कार्ड लगेच बंद, आणि बाहेरदेशीचे व्यवहार अ‍ॅपमधून बंद.

वाईची_शुभा
काका, हे आधी माहीत असतं तर! आमच्याकडं तोच मेसेज होता, पण भाऊ म्हणाला फ्रॉडच लिही. तात्पुरते जमा झालेले पैसे परत कापून घेतले. कंपनीनं ईमेल आयडी पाठवला, तो निघाला पुतण्याचा. दिवाळीत टीव्हीवर चालू केलं होतं, कार्ड माझं. आता पुतण्या घरी आला की रिमोट लपवते.

पोवईनाका
माझं पण सेम, मोबाइल रिचार्ज दोनदा गेला यूपीआयवरून. कुठं तक्रार करू?

माहुलीची_सून
पोवईनाका, रिचार्जचा धागा वेगळा आहे हो.

घाटवाट
यूपीआय निघालाच म्हणून सांगतो. सबस्क्रिप्शन यूपीआयवर लावलं असेल तर कार्ड बंद करून उपयोग नाही. ज्या अ‍ॅपवरून लावलं त्यातच ऑटोपे म्हणून यादी असते, तिथून रद्द. माझ्या यादीत तीन निघाली, त्यातलं एक कसलं ते अजून कळलं नाही.

कृष्णाकाठ
बरं, मानलं काका. पण तीन दिवसांत नाही कळवलं तर पैसे गेलेच ना? माझे आठवडा उलटून गेला.

मिरज_निवृत्त
तीन दिवसांचं अर्धवट पसरलंय. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. चूक तुमची नाही, बँकेची नाही, मधल्या कुणाची आहे, आणि मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमचा तोटा शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तोट्याला मर्यादा आहे. त्याच्या पुढं बँकेचं स्वतःचं धोरण. आणि कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आहे. पण हे सगळं पहिल्या खणाला. रद्द केलेल्या सबस्क्रिप्शनच्या वादाला कार्ड नेटवर्कची मुदत वेगळी, बरीच लांब असते. आठवडा उलटला म्हणून सोडू नका, उद्याच जा. तोंडी नाही, तक्रार क्रमांक घेऊनच बाहेर पडा.

तासगावकरीण
आमचं खातं सांगलीतल्या सहकारी बँकेत. ते म्हणतात आम्हाला हे लागू नाही 🙄

मिरज_निवृत्त
सहकारी बँकांसाठी डिसेंबर २०१७ मध्ये वेगळं परिपत्रक निघालंय, जवळपास तसंच. मॅनेजरला विचारा.

तासगावकरीण
मॅनेजर गावजत्रेला गेलेत.

हळदपेठ
कुठली जत्रा? मटण असेल तर मीपण येतो.

वाईची_शुभा
बँक ३० दिवस गप्प बसली तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, लोकपालाकडं. मी केली नाही, चूक घरातलीच होती म्हणून. पण मैत्रिणीनं केली आणि बँकेचा फोन दुसऱ्याच आठवड्यात.

घाटवाट
ती फक्त बँकेविरुद्ध हं. कंपनी उत्तर देत नाही याचं लोकपालाला काही पडलेलं नसतं. कंपनीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कराडचा_पैलवान
माझं अजून लटकलंय. क्रेडिट कार्डावर १४९९, पहिल्या खणावर अर्ज दिला, ओटीपी आलाच नव्हता. आता बँक म्हणते कंपनीनं कागद पाठवलेत, तुमचा दावा फेटाळला. कागद दाखवा म्हटलं तर दाखवत नाहीत.

मिरज_निवृत्त
लेखी मागा, मेलवर. व्यवहार तुम्ही केलात हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, तुमची नाही. परिपत्रकात तसं लिहिलंय, ते वाक्यच मेलमध्ये टाका. नाही दिलं तर लोकपालाकडं जाताना तीच मेल कामाला येते.

कराडचा_पैलवान
टाकतो. आणि बिल भरायचं का नाही? तारीख जवळ आलीय.

मिरज_निवृत्त
बाकीचं बिल वेळेवर भरा, नाहीतर त्याच्यावर व्याज बसेल. वादातल्या १४९९ चं काय, ते बँकेकडून लेखी घ्या. प्रत्येक बँक वेगळं करते.

माहुलीची_सून
काकूंच्या मेसेजात आदल्या दिवशीचा मेसेज सापडला हो! काकांनीच चालू केलंय म्हणे, क्रिकेटसाठी. सांगितलं नव्हतं एवढंच. आता त्यांच्याकडं वेगळाच वाद चालू आहे.